शिलाई वाढवायची, पण जुनी गिऱ्हाइकं? दांडिया बाजारातल्या एका शिंप्याचा हिशेब, पायरीपायरीने

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारामागच्या एका गल्लीत माझ्या मामांचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. एक कारागीर, घरी हातशिलाई करणाऱ्या एक ताई आणि मामा स्वतः, एवढाच पसारा. दिवाळीनंतर कारागिराने नगाला ११० रुपयांचे १३० मागितले. मामा ‘बरं’ म्हणाले आणि त्या रात्री जेवले नाहीत. कारागिराला वाढवून दिले तर गिऱ्हाइकांकडून वाढवून घ्यायला हवेत, आणि तेच त्यांच्याच्याने होत नाही.

कारण यापूर्वी एकदा ते केलं होतं. ऐन नवरात्रीत एक बाई तयार ब्लाउज न्यायला आल्या तेव्हा मामांनी ३५० सांगितले. बाईंच्या मनात ३०० होते. दुकानात आणखी चारजणी उभ्या होत्या. शब्दाला शब्द लागला, शेवटी मामांनी ३०० घेतले, आणि त्या चौघींनीही ते ऐकलं. तेव्हापासून पाटीवर ३५० आणि वहीत जे मिळेल ते.

ही चूक एकट्या मामांची नाही. ओळखीतल्या बहुतेक शिंप्यांनी दर याच पद्धतीने वाढवलेले मी पाहिलेत: आधी अंदाज, मग घाई, मग माघार. म्हणून मामांच्या दुकानात आम्ही जे केलं ते क्रमाने लिहिते आहे. आकडे त्यांच्या दुकानाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. क्रम मात्र बदलू नका.

## तयारी: कधी बसायचं आणि काय घेऊन

आपल्याकडे यासाठी एकच खरा निवांत काळ आहे, कमुरता. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत गुजराती घरांत लग्नं नसतात, त्यामुळे दुकानात कापड कमी येतं. हिशेब तेव्हा करायचा आणि नवा दर उत्तरायण झालं की लावायचा. १४ आणि १५ जानेवारीला अर्धं गाव गच्चीवर असतं, म्हणून आम्ही १६ तारीख धरली.

जवळ हव्यात तीन गोष्टी: वर्षभराची पावतीपुस्तकं, मापांची वही आणि दुकानाचं भाडं नि विजेची बिलं. पावतीपुस्तक नसेल तर दर वाढवायच्या आधी ते सुरू करा आणि दोन महिने थांबा. आठवणीवर हा हिशेब होत नाही. मामांना आठवत होतं की आपण सगळ्यांकडून ३५० घेतो.

सावध: नवरात्रीच्या आधी दोन महिने आणि लग्नसराईच्या ऐन भरात दराला हात लावू नका. तेव्हा दुकानात आधीच घेतलेलं कापड पडलेलं असतं, आणि एकाच दिवशी दोन दर सांगण्याची पाळी येते.

## पायरी १: आज खरंच किती मिळतात ते काढा

एक मध्यम महिना निवडा, नवरात्रीचा नको आणि अगदी ओसाडही नको. त्या महिन्यात अस्तराचे साधे ब्लाउज किती शिवले आणि हातात प्रत्यक्ष किती पैसे आले, ते पावत्यांवरून मोजा. पाटीवरचा दर विसरा.

आमच्या महिन्यात १२५ नग निघाले. त्यातल्या ७० नगांचे ३५० प्रमाणे घेतले होते. २५ जणींकडून ३२०, कारण त्या ‘नेहमीच्या’. आणखी २५ नगांचे ३००, म्हणजे नवरात्रीतल्या त्या भांडणाचा वारसा. आणि पाच नग २५० ला. हे पाचही नग वाडीतल्या एका निवृत्त शाळेच्या बाईंचे आणि त्यांच्या बहिणीचे. त्यांना मामांनी कधी नवा दर सांगितलाच नव्हता. बाईंनी मामांच्या मुलीला पहिलीत शिकवलं होतं.

एकूण ४१,२५० रुपये. भागिले १२५, म्हणजे नगाला ३३०.

मामा बराच वेळ त्या ३३० कडे बघत होते. एकाच कापाच्या एकाच ब्लाउजचे दुकानात चार दर चालू होते आणि गिऱ्हाइकं तर एकमेकींच्या शेजारी राहतात.

तपासा: तुमची सरासरी पाटीवरच्या दराहून कमी निघाली, तर तुमचं पहिलं काम दर वाढवणं नाही, दर एक करणं आहे. दोन्ही एकाच दिवशी करता येतात, पण कोणाला किती झळ बसणार ते वेगळं काढावं लागतं. आमचा नवा दर पुढे ४५० ठरला, म्हणजे ३५० वालीला शंभराची वाढ, २५० वालीला दोनशेची.

## पायरी २: एका नगाचा खर्च, स्वतःची मजुरी धरून

इथे सगळ्यात जास्त गफलत होते, म्हणून इथे सावकाश चला.

आधी वस्तू. अस्तराचं सुती कापड आमच्याकडे दुकानाचंच असतं, ते एका ब्लाउजला ६० रुपयांचं लागतं. दोरा, हुक, गळ्याच्या पट्टीचं कॅनव्हास आणि नाडी मिळून १५. मग मजुरी. मशीनवरच्या शिलाईचे कारागिराला आता १३०, आणि तुरपाई, हुक व काजाचे घरी बसून काम करणाऱ्या ताईंना ४०. म्हणजे नग दुकानाबाहेर जाईपर्यंत २४५ रुपये खर्च झालेले असतात.

मग दुकानाचा महिन्याचा खर्च. भाडं, वीज, मशीनची दुरुस्ती, सुया, चहा असं मिळून १०,०००. तो १२५ नगांवर वाटला की ८० रुपये नगाला.

२४५ आणि ८० मिळून ३२५. हातात येतात ३३०. उरले पाच रुपये.

त्या पाच रुपयांत मामा काय करतात ते आम्ही मोबाइलचं घड्याळ लावून मोजलं. माप घेणं आणि गळा-बाहीचं बोलणं, कटिंग, शिवून आल्यावर तपासणं आणि इस्त्री, ट्रायलला आलेल्या बाईंचा टक सोडवणं किंवा बाही उसवणं. पाच ब्लाउजांची सरासरी काढली तर नगाला जवळजवळ एक तास. तासाला पाच रुपये.

‘मग घर कसं चालतं?’ मामींनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. उत्तर असं निघालं की १२५ नगांपैकी कारागीर ९० शिवतो आणि ३५ मामा स्वतः रात्री शिवतात. त्या ३५ नगांचे १३० प्रमाणे ४,५५० रुपये दुकानाबाहेर जात नाहीत, घरी येतात. पाच रुपयांप्रमाणे १२५ नगांचे ६२५, आणि हे ४,५५०. मिळून ५,१७५. बाकी फॉल-बिडिंग, आल्टर आणि नवरात्रीच्या चणिया-चोळ्यांवर भागतं. थोडक्यात, मामा स्वतःच्याच दुकानात रात्रपाळीचे कारागीर होते, आणि मालकाच्या कामाचा त्यांना पगारच नव्हता.

नेहमीची चूक: स्वतः शिवलेल्या नगाची मजुरी शून्य धरणं. तसं केलं की वही सांगते ‘नगाला १३५ सुटतात’, आणि दर वाढवायची गरजच दिसत नाही. ज्या दिवशी डोळ्यांचं ऑपरेशन निघेल त्या दिवशी ते १३५ नाहीसे होतात. स्वतः शिवा, पण कारागिराला जे देता तेच स्वतःच्या नावावर लिहा.

दुसरी चूक: फक्त मशीन चालतं तेवढाच वेळ मोजणं. ब्लाउजचा वेळ दारात जातो. ‘गळा जरा खोल, पण फार नको’ या एका वाक्याला दहा मिनिटं लागतात.

## पायरी ३: नवा आकडा ठरवा

‘पन्नास वाढवू या’ असं वरून ठरवू नका. खालून चढत जा.

खर्च ३२५. त्यावर मालकाच्या तासाचे किती? कारागिराला एका नगाला दीड तास लागतो आणि त्याचे त्याला १३० मिळतात, म्हणजे तासाचे साधारण ८७. कापणाऱ्याला त्याहून कमी मिळणं चुकीचंच आहे, कारण पैठणीतून निघालेलं ब्लाउजपीस चुकीचं कापलं गेलं तर भरून कोण देणार? कारागीर नाही. मामांशी बरीच घासाघीस करून आम्ही तासाचे १२५ धरले. (घासाघीस उलटी होती. ते शंभरावर अडून बसले होते.) ३२५ आणि १२५, झाले ४५०.

मग हा आकडा गल्लीत ताडून पाहिला. मामींची भाची तोच ब्लाउज नमुना म्हणून घेऊन तीन दुकानांत जाऊन आली. तोच नमुना नेणं महत्त्वाचं आहे, कारण नुसतं ‘ब्लाउजचे किती?’ विचारलं तर कोणी बिनअस्तराचा दर सांगतं, कोणी प्रिन्सेस कटचा. दोन ठिकाणी ४५० च्या आसपास होते, एका ठिकाणी पुष्कळ जास्त. म्हणजे मामांना ज्या दराची भीती वाटत होती, तो दर त्यांची गिऱ्हाइकं नणंदेच्या नाहीतर सुनेच्या शिंप्याकडे आधीच ऐकत होती.

गल्लीतला दर तुमच्या आकड्याच्या फार खाली असेल तर दर तेवढ्यावर आणू नका. आधी पायरी २ मध्ये काहीतरी सुटतंय का ते बघा. बहुतेक वेळा समोरच्याच्या दरात अस्तर नसतं.

एक वाट उघडी ठेवा. आम्ही दुसरा दर काढला: अस्तर गिऱ्हाइकाने आणलं तर ३९०. मंगळ बाजारातून अस्तर आणणं ज्यांना जमतं त्यांना साठ रुपये वाचवायची वाट मिळते आणि मामांचं काही जात नाही, कारण ते साठ खर्चातलेच आहेत. दर कमी करायचा असेल तर त्याच्याबरोबर खर्चही कमी झाला पाहिजे.

सावध: बाहेरचं अस्तर आधी भिजवून, वाळवून आणायला सांगा आणि पावतीवर तसं लिहा. न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं, ब्लाउज आतून ओढतो आणि दोष शिंप्याच्या कटिंगला लागतो.

## पायरी ४: भीती मोजा

इथवर मामा सगळ्याला ‘हो’ म्हणत होते, पण हात जोडून. ‘आकडे ठीक आहेत गं, पण माणसं जातील.’

म्हणून विचारलं, किती गेली तर चालेल? याचंही उत्तर वहीत असतं.

नव्या दराने नगाचे ४५०, त्यातून नगाबरोबर जाणारे २४५ वजा केले की २०५ राहतात. त्यातून महिन्याचे १०,००० निघायला हवेत. आता असं धरा की वाईट झालं आणि ३५ नग गेले. उरले ९०. नव्वद गुणिले २०५ म्हणजे १८,४५०. त्यातून १०,००० गेले, उरले ८,४५०. आधी उरत होते ५,१७५, तेही रात्री जागून. आता ते पस्तीस नग शिवायचेच नाहीत, कारागिराला पुरेल एवढं काम आहे, आणि तरी घरात जास्त पैसे येतात.

मामांनी हा गुणाकार स्वतः दोनदा केला, कॅल्क्युलेटरवर एकदा आणि पाठकोऱ्या पावतीवर एकदा.

बरोबरी होते ती ७४ नगांवर. त्याखाली गेलं तरच जुना दर बरा होता असं म्हणता येईल. पण त्या ७४ वर विसंबू नका. कारागीर नगावर कमावतो. त्याचे नग ९० च्या फार खाली आले तर तो दुसरीकडे जाईल आणि मग तुमचा हिशेबच वेगळा होईल. म्हणून आमची धोक्याची रेघ ७४ ला नाही, ९० ला.

नेहमीची चूक: दुकानखर्चाचे ८० रुपये नगाबरोबर कमी होतात असं समजणं. नग कमी झाले तरी घरमालक भाडं कमी करत नाही. म्हणून इथे ८० नगाला न धरता पूर्ण १०,००० एकदम वजा करायचे.

मग पस्तीस नग म्हणजे माणसं किती? वही उघडून नावांवर बोट ठेवत गेलो. वर्षातून किती वेळा आल्या, एका वेळी किती नग. मामा ज्यांना ‘आपली जुनी गिऱ्हाइकं’ म्हणत होते त्यातल्या बऱ्याच जणींचं शेवटचं काम दीड-दोन वर्षांपूर्वीचं निघालं. त्या येत होत्या, बसत होत्या, चहा घेत होत्या, आणि मुलीच्या ड्रेसची बाही उसवून नेत होत्या. माणूस जुना असणं आणि गिऱ्हाईक चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांच्या जाण्याच्या धास्तीने मामांनी दर रोखला होता त्यातल्या काहीजणी शिवायला केव्हाच दुसरीकडे गेल्या होत्या, फक्त मामांना ते कळलं नव्हतं.

## पायरी ५: तारीख बांधा, पावती बदला

नियम एकच ठेवा आणि तो मोडू नका: कापड ज्या दिवशी दुकानात आलं त्या दिवशीचा दर. १६ जानेवारीच्या आधी आलेलं कापड जुन्या दराने, मग ते फेब्रुवारीत का तयार होईना. नवरात्रीतलं भांडण दरावरून झालं नव्हतंच, ते नेताना सांगितल्यावरून झालं होतं. शिवून तयार झालेल्या ब्लाउजपुढे गिऱ्हाईक अडकलेलं असतं, आणि अडकलेलं माणूस भांडतंच.

त्यासाठी पावती बदलावी लागते. मामांच्या जुन्या पावतीवर नाव, नग आणि द्यायची तारीख एवढंच होतं. आता त्यात तीन गोष्टी घातल्या: कापड आल्याची तारीख, अस्तर कोणाचं, आणि शिलाईचा आकडा. आकडा कापड घेतानाच लिहायचा आणि पावती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची.

पाटी १ जानेवारीला लावा, मराठी आणि गुजरातीत. दोन ओळी पुरतात. ‘वाढत्या महागाईमुळे नाइलाजाने’ वगैरे लिहू नका.

सावध: पाटी लागल्यावर काही हुशार गिऱ्हाइकं १५ तारखेपर्यंत आठ-आठ ब्लाउजपीस आणून टाकतील. आमच्याकडे तिघींनी आणले. घ्या, पण द्यायची तारीख लांबची द्या आणि पावतीवर लिहा. घाईचं काम हवं असेल तर नवा दर. असे नग चाळीसच्या पुढे जायला लागले तर ‘आता १६ नंतरच’ असं सांगून थांबवा, नाहीतर लग्नसराईचा पहिला पंधरवडा जुन्या दरातच जाईल.

## पायरी ६: तोंडाने सांगायचं कसं

पाटी कोणी वाचत नाही. सांगावंच लागतं. मामांची याची आम्ही घरी तालीम घेतली, मामी गिऱ्हाईक झाल्या.

पहिल्या वेळी मामा म्हणाले, ‘काय करणार वहिनी, कारागिराने वाढवून मागितले, भाडं वाढलं, अस्तर महाग झालं, म्हणून जरा...’ आणि आकडा आलाच नाही. मामींनी लगेच विचारलं, ‘भाडं किती वाढलं?’ गाडी भाड्यावर घसरली. कारणं सांगितली की गिऱ्हाईक कारणांशी वाद घालतं, आणि वादात शिंप्याचा निभाव लागत नाही.

शेवटी बसवलेलं वाक्य हे: ‘१६ तारखेपासून अस्तरासकट ४५०. अस्तर तुम्ही आणलंत तर ३९०. हे आत्ताचं जुन्याच दरात देतो.’

आकडा आधी, वाट नंतर, आणि हातातलं काम जुन्या दरात हे शेवटी. मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं मामांना सगळ्यात जड गेलं. त्यांनी त्यासाठी तोंडात टाचणी धरायची युक्ती काढली, जी शिंपी तसेही धरतात.

‘मास्तर, भाव वधारी दीधा?’ असं कोणी विचारलं तर उत्तर ‘हा, बेन’ एवढंच. विचारणं म्हणजे नकार नव्हे. निम्म्याहून जास्त जणी एवढं विचारून पिशवीतून कापड काढतात.

घासाघीस झाली तर आकड्यात सूट देऊ नका, कामात द्या. ‘अस्तर आणा’ म्हणा. किंवा ‘महिनाभराने दिलं तर चालेल का? मग फॉल माझ्याकडून.’ रिकाम्या आठवड्यात लावलेला फॉल स्वस्त पडतो. ‘फक्त तुमच्यासाठी ४००’ हे वाक्य मात्र तोंडातून काढू नका. एकाच वाडीतल्या दोघी संध्याकाळी पावत्या शेजारी ठेवून बघतात. चार दर असेच तयार झाले होते.

आणि ज्यांच्याकडून घ्यायचं मनच होत नाही? असं एखादं नाव प्रत्येक दुकानात असतं, आमच्याकडे शाळेच्या बाई. दर लपवू नका. पावतीवर पूर्ण ४५० लिहा, खाली ‘सवलत १००’ लिहा आणि ३५० घ्या. गिऱ्हाइकाला खरा दर कळतो, आणि महिनाअखेर तुम्हालाही कळतं की जिव्हाळ्यापायी किती गेले. अशी नावं पाचाच्या वर नकोत. यादी आधी लिहून ठेवा, दारात उभं राहून तिच्यात भर घालू नका.

## पायरी ७: नंतरचे तीन महिने मोजा

दर शनिवारी नव्या दरात आलेले नग मोजा. माणसं मोजू नका. एक गेलेली वर्षाला दोन नगांची असते, एक नवी आलेली लग्नघरातली बारा नगांची.

पहिले दोन आठवडे आकडा पडतोच, कारण लोकांनी आधीच कापड आणून टाकलेलं असतं. तेव्हा घाबरून पाटी उतरवू नका. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात फक्त अकरा नग आले, आणि मामा रोज सकाळी पाटीकडे अशा नजरेने बघत की कोणी तरी दुसऱ्यानेच लावली आहे. फेब्रुवारी महिन्यात १०४ झाले, मार्चमध्ये १०९. नव्वदची रेघ लांब राहिली. फेब्रुवारीपासून मामांनी रात्री नऊनंतर मशीनवर बसणं सोडलं आणि वरचे नग दुपारीच उरकायला लागले.

तपासा: नग ९० च्या खाली गेले आणि सलग सहा आठवडे तिथेच राहिले, तर दर पाडण्याआधी बघा की काय गेलं. साधे ब्लाउज गेले आणि प्रिन्सेस कट राहिले, तर साध्याच्या दराचा प्रश्न आहे. सगळंच सारखं गेलं, तर तारखा चुकताहेत का ते आधी बघा. वाढीव दर देणारी बाई उशीर पूर्वीसारखा खपवून घेत नाही.

## पायरी ८: परत येणाऱ्याचं काय

काहीजणी जाऊन परत येतात, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याकडे शिवलेला ब्लाउज घेऊनच येतात. यासाठी दर आधी ठरवून ठेवा, कारण दुसऱ्याची शिलाई उसवून दुरुस्त करायला आपल्या आल्टरच्या दुप्पट वेळ लागतो. आपल्याच ब्लाउजचं आल्टर पहिल्या महिन्यात फुकट. दुसऱ्याच्या शिलाईचे ८०, तेही ‘होईल तेवढं करतो’ असं सांगून. काय विचारायचं नाही तेही ठरवा: कुठे शिवला, किती घेतले.

शाळेच्या बाई जानेवारीत आल्याच नाहीत. त्यांच्यासाठी शंभराची सवलत यादीत लिहून तयार होती, पण ती सांगायची संधी मिळाली नाही. बहिणीकडून त्यांना नवा दर कळला होता, आणि सवलतीचं बहिणीला ठाऊक नव्हतं. ही आमची चूक. ज्यांना दोनशेची झळ बसणार होती त्यांना पाटी लागायच्या आधी घरी जाऊन सांगायला हवं होतं. तुमच्या यादीत असं नाव असेल तर ते काम १ जानेवारीच्या आत करा.

मार्चमध्ये त्या आल्या. पिशवीतून मोरपंखी ब्लाउज काढला. मुंढ्यात घट्ट होत होता, हात वर जात नव्हता. मामांनी तो उलटा केला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि शिवण दोन बोटांत धरून बघितली.

‘बाई, आत माया ठेवलेलीच नाही. सोडायला काही नाही.’

‘मग?’

‘काखेत तुकडा घालावा लागेल. याच रंगाचं कापड आहे?’

त्यांनी पर्समधून उरलेल्या कापडाची घडी काढली. जपून ठेवली होती. मामांनी पावतीपुस्तक ओढलं, आजची तारीख लिहिली, ‘आल्टर, बाहेरची शिलाई’ लिहिलं, आणि पेन तिथेच थांबलं. मी गल्ल्याजवळ बसून बघत होते. मग त्यांनी ८० लिहिले, पावती फाडून बाईंच्या हातात दिली आणि टाचणी तोंडात धरली.

बाईंनी पावती वाचली. पर्समधून आणखी एक ब्लाउजपीस काढून टेबलावर ठेवलं.

‘हा ३९० चा ना? अस्तर मी आणलंय. भिजवून.’